डॉमिनंट कॉर्डवर स्केल निवडण्यापूर्वी पुढची कॉर्ड पाहा

जी सेव्हन या कॉर्डवर कोणते स्केल वाजवायचे, हे ती कॉर्ड पुढे कुठे जाते यावर बरेचसे ठरते. ती सी मायनरवर उतरत असेल, तर मूळ स्वराच्या अर्धा स्वर वरचे, म्हणजे ए फ्लॅटचे मेलडिक मायनर (जॅझमध्ये त्याचे आरोही रूपच उतरतानाही वापरतात) जीपासून वाजवावे. हेच जीचे ऑल्टर्ड स्केल होय. त्यात बी आणि एफ हे कॉर्डचे प्राणस्वर टिकून राहतात, मात्र शुद्ध पंचम डी नसतो, आणि ए फ्लॅट व डी फ्लॅट हे ताणाचे स्वर अर्धा स्वर खाली सरकून अनुक्रमे जी आणि सीवर विसावतात.

जी सेव्हन सीकडे न जाता, समजा, एफ मेजरवर परतत असेल, तर हा ताण अधांतरी राहतो. तिथे पंचमावरचे, म्हणजे डीचे मेलडिक मायनर मला अधिक शोभते. त्यात डी, ए आणि ई शुद्ध राहून केवळ सी शार्प हा एक वेगळा रंग येतो.

पियानोवादक शुद्ध ई असलेली जी थर्टीन धरत असेल, तर ऑल्टर्डमधील ई फ्लॅट लांबवताच खटकतो. अशा वेळी तो स्वर ओझरता घ्यावा.