मण्यार चावल्यावर कडुलिंबाचा पाला चघळत बसू नका: सर्पदंशातल्या या चुका टाळा

पावसाळ्यातली रात्र. जमिनीवर अंथरुणं टाकून घर झोपलेलं. दोन-अडीचच्या सुमाराला पोरगा उठतो आणि हाताला काहीतरी चावलं म्हणतो. बॅटरी मारून बघावं तर ना रक्त, ना सूज. मुंगी असेल म्हणून आई त्याला परत निजवते. साडेचारला पोटात कळ येते, उलटी होते. जेवण बाधलं असेल म्हणून ओवा दिला जातो. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या मिटायला लागतात, थुंकी गिळवत नाही, बोलणं जड होतं. तेव्हा कुठे कुणीतरी म्हणतं, "पान लागलं असेल."

हा मण्याराचा दंश. हा साप रात्री उंदरांच्या मागे घरात शिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की खूण बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक दुखू लागलं आणि पापण्या पडू लागल्या, तर साप दिसला नसला तरी सर्पदंश समजूनच निघा.

गावात मात्र आधी कडुलिंबाचा पाला येतो. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलं, अशी ही परीक्षा. मण्याराचं विष जिभेच्या चवीवर नाही, नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथे काम करतं. त्यामुळे श्वास बंद पडायची वेळ आली तरी पाला कडूच लागू शकतो, आणि "कडू लागतोय, काही नाही" म्हणून घर निर्धास्त होतं. शिवाय गिळणं बिघडलेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. पाणी, चहा, तूप, झाडपाल्याचा रस, यातलं काहीच देऊ नका.

मग मारुतीच्या देवळात नेतात, झोपू नये म्हणून चालवतात. चालताना स्नायू हलतात आणि विष शरीरात लवकर पसरतं. पण त्याहून मोठं नुकसान वेळेचं. सर्पविषावरची लस रक्तात फिरणारं विष निकामी करते, पण मण्याराच्या विषाने नसांची टोकं एकदा बिघडली की ती दुरुस्त करत नाही. मग माणसाला कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागू शकतं. तीच लस दोन तास आधी मिळाली असती, तर बरंच टळलं असतं.

"आमच्याकडे मांत्रिकाने बरे केलेत" असं सांगणारे खोटं बोलत नसतात. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ही माणसं मंत्राशिवायही वाचली असती. खरं विष भिनलेला माणूस आला की मंत्र हरतो, आणि तेव्हा "उशीर झाला" असं म्हटलं जातं.

घोणस किंवा फुरसं चावलं तर चूक वेगळी होते. दंशाच्या वर दोरी करकचून बांधतात, नाहीतर ब्लेडने चीर पाडतात. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यामुळे पाडलेली चीर वाहतच राहते. दोरीखाली सुजलेला पाय रक्ताविना काळा पडतो. तोंडाने ओढून विष निघत नाही, ते आत गेलेलं असतं. दोरी आधीच कुणी बांधली असेल, तर ती घरी एकदम सोडू नका, डॉक्टरांसमोरच सुटू द्या. सोडताच साठलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं.

मग करायचं काय? माणसाला आडवं करा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आली की ती निघत नाहीत. मोडलेल्या हाताला बांधतात तशी फळी किंवा छत्रीची काठी चावलेल्या हाताला किंवा पायाला लावून ओढणीने सैलसर बांधा, बोट आत जाईल इतकी. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. एकाने 108 ला फोन करावा, दुसऱ्याने जवळच्या सरकारी दवाखान्यात लस आहे का ते विचारावं. गाडी यायला वेळ असेल, तर मोटरसायकलवर चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये आणि मागे त्याला धरून बसणारा, असं निघा. रुग्णाला चालवू नका. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा. मण्याराच्या रुग्णाला डोळे उघडता येत नाहीत, पण तो आतून जागा असू शकतो. गेला असं समजून थांबू नका.

साप मारायला धावू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक. चावल्याची वेळ आणि पापणी पहिल्यांदा कधी पडली ती वेळ लिहून डॉक्टरांना सांगा. आणि काहीच लक्षण नसलं तरी 24 तास दवाखान्यातच थांबा, मण्याराचं विष कधी कधी बऱ्याच तासांनी बोलतं.