नामफलक रंगविणाऱ्या पेंटरला शाळेतर्फे आभारपत्र कसे लिहावे

शाळेचा नवा नामफलक लागतो, पेंटरचे बिल चुकते होते आणि मग आभारपत्राचा मसुदा मुख्याध्यापकांच्या टेबलावर येतो. त्यात बहुधा ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल शाळा आपली ऋणी आहे’ एवढेच वाक्य असते. तेच वाक्य मंडपवाल्यालाही पाठवता येते, म्हणून अक्षरे काढणाऱ्या माणसापर्यंत ते पोचत नाही. नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका असताना मीही पहिल्यांदा तेच लिहिले होते. पेंटरकाकांनी ते वाचून नीट घडी घातली आणि विचारले, “बाई, रस्त्यावरून ‘द्य’ स्पष्ट दिसतो ना?” त्या संध्याकाळी मी पत्र नव्याने लिहिले.

लिहायला बसण्यापूर्वी फलकाखाली उभे राहावे, मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन तो पुन्हा पाहावा. ‘विद्यालय’ या शब्दातला ‘द्य’ जाड ब्रशने काढताना आतली जागा रंगाने भरून येते आणि लांबून तो ‘ध’सारखा दिसू लागतो, आमच्या काकांनी तिथे बोटभर फट राखली होती. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार यांना पुरेशी जागा आहे का, खालचा उकार फलकाच्या कडेला टेकत नाही ना, हेही पाहावे. खडूने माखलेला दोरा ताणून रेघा आखतानाच ही जागा ठरवावी लागते, कारण रंग चढल्यावर ती वाढवता येत नाही. ‘विद्यालय’मधला ‘ल’ आणि ‘नाशिक’मधला ‘श’ मुद्दाम पाहावेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवले, तरी छापील फ्लेक्सवर अनेकदा हिंदी वळणाचीच अक्षरे येतात. हाताने रंगवणाऱ्याने मराठी वळण राखले असेल, तर पत्रात लिहिण्याजोगी गोष्ट तुम्हाला तिथेच सापडली.

अशा दोनच गोष्टी निवडाव्यात. पाच-सहा गुण मोजले की पत्र तपासणी अहवालासारखे वाटू लागते.

पत्र शाळेच्या लेटरहेडवर असावे आणि त्यावर जावक क्रमांक व दिनांक असावा. पेंटरचे नाव तो स्वतः लिहितो तसेच लिहावे. फलकाच्या कोपऱ्यात त्याने नाव टाकले असेल तर तिथून, नाहीतर बिलावरून ताडून घ्यावे. अक्षरांत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली, तर पुढच्या कौतुकाला किंमत राहत नाही. आम्ही शेवटी पाठवलेला मजकूर असा होता:

“श्री. ………… यांस, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या विद्यालयाचा बारा फूट लांब व तीन फूट उंच नामफलक रंगवून दिलात, त्याबद्दल विद्यालयाच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानते. ‘विद्यालय’ या शब्दातील ‘द्य’ रस्त्याच्या पलीकडूनही स्पष्ट वाचता येतो, हे मी स्वतः उभे राहून पाहिले. ‘ल’ आणि ‘श’ आपण मराठी वळणाचे काढलेत. वर्गात आम्ही जी अक्षरे गिरवायला लावतो तीच आता मुलांना फाटकावरही दिसतात. पहिला हात पूर्ण वाळेपर्यंत आपण दुसरा हात दिला नाहीत आणि त्यासाठी एक दिवस जास्त थांबलात, याचीही आम्हाला जाणीव आहे.

आपली,
मुख्याध्यापिका”

बिलाची रक्कम, उरलेली बाकी किंवा ‘पुढील कामातही सवलत द्यावी’ अशी विनंती या पत्रात आणू नये. त्यासाठी वेगळे पत्र लिहावे. फलकावर चूक राहिली असेल, म्हणजे समजा अकरा अंकी यू-डायस क्रमांकातला एखादा अंक उलटसुलट झाला असेल, तर आधी प्रत्यक्ष बोलावे, दुरुस्ती होऊ द्यावी आणि त्यानंतरच आभारपत्र द्यावे. आभार आणि तक्रार एकाच कागदावर आली की वाचणाऱ्याच्या मनात तक्रारच राहते. फलकाचे माप आणि दिनांक मात्र आवर्जून लिहावेत, कारण पेंटर हे पत्र पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो आणि तिथे ‘सुंदर काम’ या शब्दांपेक्षा ‘बारा बाय तीन’ हा तपशील जास्त बोलतो.

सही मुख्याध्यापकांनी शाईने स्वतः करावी, त्याशेजारी शाळेचा गोल शिक्का असावा. पत्र शिपायाबरोबर न पाठवता पेंटरला शाळेत बोलावून हातात द्यावे. सोबत फलकाचा एक फोटोही द्यावा, तोही रस्त्याच्या पलीकडून काढलेला, कारण शिडीवरून काम करणाऱ्याला आपली अक्षरे तेवढ्या अंतरावरून निवांत पाहायला फारसा वेळ मिळत नाही. आमच्या काकांनी पत्राआधी फोटोच हातात घेतला आणि ‘द्य’वर बोट ठेवून तो बराच वेळ न्याहाळला.