जोडीदाराला भाज्या आवडत नाहीत? निदान या चुका टाळा

आहाराचा सल्ला विचारायला येणाऱ्या जोडप्यांकडून एक वाक्य मी हमखास ऐकते: "यांना भाजीच आवडत नाही." थोडी विचारपूस केली की कळते, हे गृहस्थ कांदा, टोमॅटो, काकडी, मटार, शेवग्याच्या शेंगा आणि पावभाजी आवडीने खातात, त्यांना नको असते ती ताटात उजवीकडे वाढलेली दुधीची, कोबीची नाहीतर भेंडीची भाजी. हे वेळीच लक्षात आले असते तर रात्रीच्या जेवणावरून झालेले निम्मे वाद झालेच नसते. कित्येक घरांत भाजी न खाणारी व्यक्ती बायको असते, आणि तिथेही याच चुका होतात.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे लपवाछपवी. माझ्या नात्यातल्या एका मुलीने नवऱ्याच्या आवडत्या थालीपिठात दुधी किसून घालायला सुरुवात केली. त्याला पत्ता लागला नाही आणि काही आठवडे सगळे सुरळीत चालले. मग एका रविवारी सासूबाई आणि नणंदेसमोर तिने विजयाने सांगितले, "बघ, इतके दिवस दुधीच खातो आहेस!" तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याने थालीपीठ खाणे सोडले. पुढे तो आमटी ढवळून बघू लागला, पराठा उघडून पाहू लागला, आणि दोघांचे जेवण म्हणजे रोजची उलटतपासणी झाली. जी एक वाट मोकळी होती, तीही अशी बंद झाली. दुधी घालायला माझी हरकत नाही, तो सांगून घालावा: "आज थालीपिठात दुधी आहे, त्यामुळे ती मऊ झाली आहेत," एवढे पुरे. नको असेल तर तो म्हणेल, आणि त्या दिवशी कांद्याचे थालीपीठ लावता येईल.

या लपवाछपवीचा हिशेबही सहसा कोणी मांडत नाही. शंभर ग्रॅम पालक वाटून कणकेत घातला आणि आठ पोळ्या झाल्या, तर एका पोळीत जेमतेम बारा ग्रॅम पालक येतो. तीन पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात सदतीस-अडतीस ग्रॅम गेला, म्हणजे लहान वाटीभर शिजवलेल्या भाजीइतकासुद्धा नाही. पोळी हिरवी दिसल्यामुळे करणाऱ्याला समाधान मिळते आणि त्या दिवशी दुसरी भाजी टाळली जाते. झटपट उपायांविषयी माझे मत वाईट आहे, ते अशामुळेच.

दुसरी चूक स्वयंपाकाची आहे, आणि ती मान्य करायला लोकांना सर्वांत जड जाते. नावडती भाजी विचारण्याऐवजी त्या भाजीत नेमके काय खटकते, हे विचारावे. "बुळबुळीत लागते", "वास येतो", "पाणचट लागते" आणि "कडू लागते" या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. भेंडी आधी चिरून मग धुतली किंवा झाकण ठेवून वाफवली की ती चिकट होणारच. मी अख्खी भेंडी धुऊन कोरड्या फडक्याने पुसते, मग चिरते, पसरट कढईत झाकण न ठेवता परतते, एक-दोन आमसुले टाकते आणि मीठ अगदी शेवटी घालते. कोबी आणि फ्लॉवर यांच्यात गंधकयुक्त घटक असतात. जितका वेळ शिजवाल तितका तो उग्र वास वाढत जातो. कुकरमध्ये शिट्टी काढलेला फ्लॉवर ज्याने लहानपणापासून खाल्ला आहे, त्याला फ्लॉवर नको वाटला तर त्याचा दोष नाही. तोच कोबी बारीक चिरून मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटे परतला किंवा त्याच्या वड्या केल्या की बऱ्याच जणांची तक्रार संपते. दुधी, दोडका, पडवळ पाणचट लागत असतील तर त्यांना चण्याच्या डाळीची जोड द्यावी किंवा पीठ पेरावे. कडूपणाचे मात्र वेगळे आहे. काही माणसांना जन्मतःच कडू चव इतरांपेक्षा तीव्र जाणवते, त्यामुळे कारल्यासाठी आग्रह धरू नये. कारल्यातच मिळते आणि दुसरीकडे मिळत नाही, असे कोणतेही आवश्यक पोषकद्रव्य नाही.

बटाटा भाजीत मोजू नका. भाजीचा रस गाळून देऊ नका, कारण चोथा, म्हणजेच तंतुमय भाग, त्यातच जातो. जीवनसत्त्वांची गोळी तो चोथा भरून काढू शकत नाही. आणि "एक घास तरी खा" हे वाक्य मोठ्या माणसाला ताटावर बसल्यावर कधीही म्हणू नये.

आता मोजमापाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान 400 ग्रॅम खाव्यात, बटाट्यासारखे कंद वगळून. हा आकडा दिवसभरात वाटायचा आहे, पण बहुतेक घरांत त्याचा सगळा भार रात्रीच्या एका भाजीवर टाकला जातो आणि तिथेच भांडण पेटते. वरच्या थालीपीठवाल्या घरात आम्ही असा क्रम लावला: सकाळी एक पेरू, सुमारे 150 ग्रॅम, दुपारच्या डब्यात एक काकडी, तेवढीच, रात्री गाजराची कोशिंबीर, 60 ग्रॅम, आणि विदर्भात करतात तशी पालक व शेंगदाणे घातलेली तुरीची डाळभाजी, जिच्यात दोघांना मिळून 100 ग्रॅम पालक. त्याच्या वाट्याला एकूण 410 ग्रॅम आले, आणि ताटात उजवीकडे त्याच्या आवडीची मटकीची उसळ होती. उसळीवर लिंबू आच बंद केल्यावर पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते आणि कडधान्यातले लोह शोषले जायला तेच मदत करते. लोहासाठी पालकावर विसंबू नये. त्यातले लोह शरीरात फारसे शोषले जात नाही. जेवणाला लागून चहा घेण्याची सवय असेल तर तो तासाभराने घ्यावा, एरवी लिंबाचा उपयोग कमी होतो.

कुठल्या भाज्या आणायच्या, हे बोलणे मंडईत जाताना करावे, जेवताना नव्हे. आठवड्यातल्या दोन भाज्या न खाणाऱ्याने निवडाव्यात आणि एक भाजी करणाऱ्याने आपल्यासाठी खुशाल करावी. ती त्याने खाल्ली नाही तर त्यावर चर्चा करू नये. दोघांसाठी दोन वेगळे स्वयंपाक मात्र सुरू करू नका. डाळ, पोळी, भात, कोशिंबीर एकच असावी. नव्या सवयीचे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. अधीर मंडळी पहिल्याच दिवशी चोथ्याचे प्रमाण दुप्पट करतात, पोटात गॅस होतो आणि भाजी पुन्हा बदनाम होते.

रक्त पातळ राहावे म्हणून वॉरफॅरिन घेणाऱ्याच्या आहारात पालेभाजी एकदम वाढवू नये, कारण तिच्यातले के जीवनसत्त्व त्या औषधाच्या परिणामावर थेट प्रभाव टाकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो. दोन्ही वेळी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि आयुष्यभर भाजी खाणारे माणूस पन्नाशी-साठीत अचानक गाजर, गवार, कोशिंबीर बाजूला सारू लागले, तर आवडीनिवडीवर बोलण्याआधी त्याचे दात आणि कवळी तपासून घ्यावी. चावताना दुखते हे पुष्कळ जण सांगत नाहीत, "आवडत नाही" म्हणून मोकळे होतात. तोवर कोशिंबिरीसाठी गाजर वाफवून दह्यात कुस्करावे आणि गवारीऐवजी लाल भोपळ्याची मऊ भाजी करावी.