मामेभावाचा लिंक्डइन सारांश असा दुरुस्त केला

मामेभाऊ चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. त्याच्या लिंक्डइनवरच्या ‘About’मध्ये पहिलंच वाक्य होतं: ‘मी अत्यंत मेहनती, निकालाभिमुख आणि उत्कृष्ट नेतृत्वगुण असलेला व्यावसायिक आहे.’ तिथे 2,600 अक्षरं मावतात, पण ‘see more’ दाबण्याआधी जेमतेम पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात. त्या ओळींत तो काय काम करतो हेच नव्हतं.

मी प्रत्येक विशेषणापुढे त्याला विचारलं, “कशावरून?” ‘मेहनती’ला उत्तर मिळेना, ते खोडलं. ‘निकालाभिमुख’वर तो म्हणाला, “दादा, ब्रेकच्या एका पार्टचं रिजेक्शन आम्ही चार टक्क्यांवरून दीडवर आणलं.” मग तेच पहिलं वाक्य झालं: ‘ब्रेकच्या भागांचं रिजेक्शन कमी करणं हे माझं काम, मागच्या वर्षी चौघांच्या टीमसोबत एका भागाचं प्रमाण 4 वरून 1.5 टक्क्यांवर आणलं.’ चौघांचा उल्लेख मी आग्रहाने ठेवला. श्रेय वाटलं की आकडा फुशारकीचा वाटत नाही, आणि मुलाखतीत नेमका त्याचा वाटा विचारला तर सांगताही येतो. आकडा बाहेर सांगायला चालेल का, हे मात्र त्याने आधी साहेबांना विचारलं. ग्राहक कंपनीचं नाव घातलं नाही.

कीवर्डसाठी त्याला हव्या असलेल्या पदाच्या जाहिराती शेजारी उघडल्या. PPAP, FMEA, SPC हे गुणवत्तेच्या कामातल्या पद्धतींचे शब्द बहुतेक सगळ्यांत होते, याच्या सारांशात एकही नाही. शेवटी त्यांची नुसती रांग न लावता प्रत्येक शब्द तो जिथे वापरतो त्या कामाच्या वाक्यात बसवला. SPC त्याने फक्त प्रशिक्षणात शिकलं होतं, म्हणून ते तसंच लिहिलं.