‘लागलं नाही’ म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा देऊन मी पुण्याहून गावी गेलो होतो. एका संध्याकाळी मामांचा फोन आला. बाबांनी घेतला आणि म्हणाले, “नाही, अजून नाही लागलं त्याचं.” बाबांना म्हणायचं होतं की निकाल लागला नाही. मामांनी ऐकलं ते असं, की नंबर लागला नाही. चार दिवसांत आजोळी सगळीकडे झालं, ‘पोरगं नापास झालं.’ मावशीने आईला धीर द्यायला फोन केला तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

आपल्या भाषेत निकालही ‘लागतो’ आणि माणूसही ‘लागतो’. म्हणून नवीन मुलांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: वाक्यात कर्ता टाका. “आयोगाने मुख्य परीक्षेचा निकाल अजून प्रसिद्ध केलेला नाही.” यात तुमच्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही, जे घडायचं ते आयोगाकडून घडायचं आहे. घरच्यांनाही हेच वाक्य तोंडपाठ करून द्या. फोन तेच उचलतात.

दुसरा गोंधळ अभ्यासिकेत होतो. ग्रुपवर मेसेज येतो, “रिझल्ट आला!” आणि सगळे mpsc.gov.in उघडतात. साइट अडखळते, मग कुणीतरी पीडीएफ टाकतं आणि ती असते उत्तरतालिका. पूर्व परीक्षेनंतर आधी पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती मागवतात, मग अंतिम उत्तरतालिका आणि त्यानंतर निकाल. म्हणून पीडीएफ उघडली की आपला नंबर शोधायच्या आधी वरच्या चार ओळी वाचायच्या: जाहिरात क्रमांक, परीक्षेचं नाव आणि वर्ष, टप्पा आणि तारीख. मी हॉल तिकिटाच्या मागे जाहिरात क्रमांक पेन्सिलने लिहून ठेवायचो. एकाच सुमारास दोन वर्षांच्या परीक्षांची पत्रकं येतात, आणि मागच्या वर्षीच्या यादीत स्वतःचा नंबर शोधून हिरमुसलेली मुलं मी पाहिली आहेत.

Ctrl+F ने नंबर सापडला नाही म्हणजे तो यादीत नाही, असंही नाही. पत्रक स्कॅन केलेलं असेल तर शोध चालतच नाही. यादीतला डोळ्यांना दिसणारा एखादा नंबर आधी शोधून पाहा. तोही सापडला नाही तर दोष शोधाचा आहे, मग पट्टी लावून ओळीने वाचावं लागतं. अक्षरं आणि आकडे यांच्यामध्ये मोकळी जागा असेल तरी शोध चुकतो, तेव्हा फक्त शेवटचे चार आकडे टाका.

मुलाखतीनंतरचं अंतर तर याहून फसवं. सर्वसाधारण गुणवत्ता यादी लागते, तिच्यात नाव दिसतं आणि गावात फ्लेक्स लागतो. पण ती यादी म्हणजे निवड नव्हे. त्यानंतर पदांचे पसंतीक्रम घेतात, भरतीप्रक्रियेतून बाहेर पडायचा विकल्प देतात, आणि मग शिफारशीची यादी येते. त्या दोन्ही गोष्टींना मोजके दिवस असतात, त्यामुळे यादी दिसल्यावर पेढे वाटत बसण्यापेक्षा रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा प्रसिद्धीपत्रकं बघणं जास्त गरजेचं. ग्रुपवर विसंबू नका. या काळात म्हणायचं तर एवढंच: “गुणवत्ता यादीत नाव आहे, शिफारस व्हायची आहे.”

लेखी लिहायची वेळ माझ्यावर एका खासगी नोकरीच्या अर्जात आली. मी आधी लिहिलं होतं, ‘राज्यसेवा मुख्य उत्तीर्ण (निकाल अपेक्षित)’. माझ्याआधी मुलाखतीपर्यंत गेलेल्या एका ताईने ते वाचलं आणि पेन मागितला. “निकाल नाही तर उत्तीर्ण कसा रे? आणि अपेक्षित कुणाला, तुला की आयोगाला?” तिने दोन्ही शब्द खोडले आणि मला पुन्हा लिहायला लावलं. शेवटी अर्जात गेलं ते असं:

‘राज्यसेवा पूर्व परीक्षा उत्तीर्ण. मुख्य परीक्षा दिली आहे. आजच्या तारखेपर्यंत तिचा निकाल आयोगाने प्रसिद्ध केलेला नाही.’

खाली तारीख टाकली. ती तारीखच सगळ्यात महत्त्वाची, कारण निकाल दुसऱ्या दिवशी लागला तरी वाक्य खोटं ठरत नाही. ‘निकाल राखून ठेवला’ हे मात्र सहज म्हणून लिहू नका. निकाल तयार आहे आणि तुमचाच काही कारणाने अडवला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना पूर्व परीक्षा देणाऱ्यांनी हीच काळजी विद्यापीठाच्या निकालाबाबत घ्यायला हवी. पूर्व परीक्षेला बसता येतं, पण मुख्य परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी लागते. तिथे ‘पेपर चांगले गेलेत’ हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

बाबा आता फोनवर पूर्ण वाक्य बोलतात. परवा शेजारच्या काकांना म्हणाले, “आयोगानं निकाल काढलेला नाही अजून. काढला की मी स्वतः सांगतो.”