दाब २८, पण कशावर मोजला? डोळ्यांच्या सर्जनला चिठ्ठी कशी लिहावी

‘दृष्टी कमी, प्रेशर जास्त, कृपया पाहावे.’ एवढीच ओळ घेऊन पेशंट सर्जनकडे गेला की तिथे सगळी तपासणी पहिल्यापासून होते. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंबही लगेच घातले जातात, आणि काही डोळ्यांना तेच महागात पडू शकते. त्यामुळे ऑप्टोमेट्रिस्टने चिठ्ठीत काय लिहावे ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, ६२ वर्षांच्या एक बाई नवा चष्मा करायला आल्या आहेत. ‘उजव्या डोळ्याने धूसर दिसतं’ अशी त्यांची तक्रार आहे.

पहिले काम म्हणजे जुने कार्ड काढणे. ‘दृष्टी ६/१८’ या आकड्यावरून घसरण कळत नाही. ‘आठ महिन्यांपूर्वी ६/९, आज चांगल्यात चांगला नंबर लावूनही ६/१८’ असे लिहिले की कळते. चष्म्याचा नंबरही असाच जुना-नवा शेजारी लिहावा. या बाईंचा उजव्या डोळ्याचा नंबर +२.५० होता, तो +१.०० वर आला आहे. वयस्क माणसाचा प्लस नंबर असा उतरू लागला की भिंगात मोतीबिंदू पिकतो आहे का, हे पाहावे. इथे तो दिसतोही आहे.

मग दाब. हवेच्या झोताच्या यंत्रावर उजवीकडे २८ आणि डावीकडे १७ मिमी पारा आला. साधारण १० ते २१ हा नेहमीचा पट्टा. पण पेशंटने पापण्या आवळल्या, श्वास रोखला किंवा गळ्याशी कॉलर घट्ट असली तरी आकडा चढतो. म्हणून निदान तीनदा मोजून सरासरी घ्यावी आणि गोल्डमन टोनोमीटर हाताशी असेल तर त्यावर पुन्हा पाहावे. चिठ्ठीत आकड्यासोबत यंत्राचे नाव आणि घड्याळातली वेळ हवीच, कारण दाब दिवसभरात वरखाली होतो. कॉर्निया जाड असेल तर दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. त्याची जाडी मोजली नसेल तर ‘मोजलेली नाही’ असे स्पष्ट लिहावे. न केलेली तपासणी लपवणे मला चुकीच्या आकड्याइतकेच वाईट वाटते.

आता खरा प्रश्न. दाब जास्त म्हटले की काचबिंदूची शंका येते, पण काचबिंदू सुरुवातीला बाजूची नजर खातो, समोरचे दिसणे बराच काळ शाबूत राहते. मग ६/१८ कशामुळे? बहुधा मोतीबिंदूमुळे. पण प्लस नंबरचा डोळा मुळात लहान असतो. त्यात भिंग जाड होत गेले की ते बुबुळाला पुढे ढकलते आणि डोळ्यातले पाणी निघून जायचा कोन अरुंद होतो. म्हणजे दिसणे कमी होणे आणि दाब वाढणे, दोन्हींचे मूळ एकच भिंग असू शकते. म्हणून स्लिट लॅम्पवर कॉर्निया आणि बुबुळ यांच्यामधल्या जागेची कडेची खोली पाहून लिहावी. ती कॉर्नियाच्या जाडीच्या पाव भागाइतकी किंवा कमी असेल तर आपण बाहुली मोठी करू नये, आणि केलेली नाही हेही कळवावे.

औषधे विचारताना ‘डोळ्यात काय घालता?’ असे थेट विचारावे. खाजेसाठी दुकानातून आणलेले थेंब स्टेरॉइडचे निघतात आणि त्यांनीही दाब वाढतो.

डॉक्टरांना जाणारी चिठ्ठी बहुतेक इंग्रजीत असते, पण तिचा मजकूर असा असावा:

‘वय ६२, स्त्री. उजवा डोळा आठ महिन्यांत ६/९ वरून ६/१८, नंबर +२.५० वरून +१.००. डावा ६/९, बदल नाही. दाब: उजवा २८, डावा १७, हवेच्या झोताचे यंत्र, तीन वेळांची सरासरी, सकाळी ११.१५. कॉर्नियाची जाडी मोजलेली नाही. उजवीकडे मोतीबिंदू, कडेची खोली पाव भागाहून कमी. नसेचा कप उजवीकडे ०.६, डावीकडे ०.४, बाहुली मोठी न करता पाहिला. संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. आईला काचबिंदू होता. स्टेरॉइड घेत नाहीत. अरुंद कोनाचा संशय; गोनिओस्कोपी आणि पुढील निर्णयासाठी पाठवत आहे. उद्यापर्यंत पाहावे.’

वलयांची ओळ गाळू नये. दाब मधूनमधून उसळत असल्याची ती खूण असू शकते, आणि ‘उद्यापर्यंत’ हा शब्द तिच्या जोरावरच लिहिला आहे. नुसते ‘तातडीने’ लिहिले तर स्वागतकक्षातला मुलगा पुढच्या आठवड्याची वेळ देतो. डोळा लाल, दुखरा, बाहुली अर्धवट मोठी होऊन थिजलेली, सोबत उलटी असेल तर चिठ्ठी नंतर. आधी फोन आणि पेशंट त्याच दिवशी रवाना.

ही चिठ्ठी पेशंटही वाचतो. म्हणून ‘काचबिंदू आहे’ असे लिहू नये, ‘संशय’ लिहावे आणि बाईंना तेच तोंडी सांगावे. नवा चष्मा तूर्त करू नये. शस्त्रक्रिया झाली तर हा नंबर बदलणारच. जाताना जुने कार्ड आणि घरातल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या बरोबर न्यायला सांगावे.