सरळ की तिरकी? टाइल विकत घेण्याआधी कागदावर मोजा

तिरक्या टाइलला दहा-पंधरा टक्के माल जास्त धरा, असं दुकानदार सांगतात. हा अंदाज ठीक आहे, पण खरा आकडा तुमच्या खोलीच्या मापावर ठरतो.

उदाहरणासाठी 3.30 बाय 3.90 मीटरची खोली, 600 मिलिमीटरची चौकोनी टाइल आणि 2 मिलिमीटरचा सांधा घेऊ.

आधी खोली मोजा. रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीनदा मोजा. कोपऱ्यांना गुण्या लावून पाहा. मग कागदावर खोली 16.5 बाय 19.5 सेंटिमीटरची काढा आणि पुठ्ठ्याचे 3 सेंटिमीटरचे चौकोन कापा. या मापात एक चौकोन म्हणजे एक टाइल.

सरळ मांडणी. रुंदीत पाच अख्ख्या टाइल बसतात आणि 290 मिलिमीटर उरतात. लांबीत सहा बसून 288 उरतात. म्हणजे 30 अख्ख्या टाइल आणि कडेला अर्ध्याहून जरा कमी तुकडे. एका टाइलमधून असे दोन तुकडे निघतात, म्हणून एकूण 36 टाइल पुरतात. क्षेत्रफळाने 35.75 लागतात, तेव्हा वाया जवळपास काहीच जात नाही.

तिरकी मांडणी. खोलीच्या मध्यबिंदूवर एक चौकोन 45 अंशांत ठेवून बाहेर सरका. अख्ख्या टाइल फक्त 17 बसतात. कडेचे त्रिकोण मोजताना एकच प्रश्न विचारा: तुकडा कर्णाच्या अलीकडे संपतो की पलीकडे? अलीकडे संपला, तर एका टाइलमधून दोन निघतात. पलीकडे गेला, तर अख्खी टाइल जाते आणि उरलेलं टोक बहुधा कुठेच बसत नाही. या खोलीत लांब भिंतींलगतच्या आठ टाइलचा फक्त 5 सेंटिमीटरचा कोपरा कापावा लागतो, तरी प्रत्येकीला नवी टाइल लागते. सगळं धरून 40 टाइल होतात, म्हणजे क्षेत्रफळाने लागतात त्यापेक्षा जवळपास 12 टक्के जास्त.

पण सरळ मांडणी नेहमीच स्वस्त पडते असं समजू नका. हीच खोली दोन्ही बाजूंनी फक्त 10 सेंटिमीटर मोठी असती, तर कडेचे तुकडे 390 आणि 388 झाले असते. ते अर्ध्याहून मोठे असल्यामुळे एका टाइलमधून एकच निघतो. मग 37.8 टाइलच्या जागेला सरळ मांडणीतही 42 लागतात. एक दिलासा असतो: उरलेल्या लांब पट्ट्यांतून स्कर्टिंग निघते. तिरक्या कटिंगच्या त्रिकोणांतून ती सोय फारशी होत नाही.

शेवटी तुटीसाठी माल वाढवा. तिरकं कापताना व्हिट्रिफाइड टाइलचं अणकुचीदार टोक सहज उडतं. बॉक्समध्ये चार टाइल असतील, तर 3.30 बाय 3.90 च्या आपल्या खोलीला सरळसाठी दहा आणि तिरक्यासाठी अकरा बॉक्स घ्या, सगळे एकाच बॅचचे. टाइलवर एका दिशेच्या रेषा असतील, तर उलटा फिरवलेला तुकडा जुळणार नाही. तेव्हा दोन तुकड्यांचा हिशेब सोडा आणि प्रत्येक कापासाठी एक टाइल धरा.